मदत हवी आहे: एका भागातून दुसऱ्या भागात जाताना झटका बसतो

पाणकावळी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही लोणारला जाऊन आलो. त्यावर लिहायला बसले आणि बघता बघता साडेतीन हजार शब्द झाले. पाच भाग आहेत: प्रवास आणि पहिलं दर्शन, विवर कसं झालं, देवळं, पाण्याचा खारेपणा, आणि २०२० साली पाणी गुलाबी झालं तो प्रकार.

बहिणीला वाचायला दिला. ती म्हणाली, "प्रत्येक भाग सुटा छान आहे गं, पण पाच जणींनी लिहून एकीने चिकटवल्यासारखं वाटतंय. देवळं सुरू झाली तिथे मी फोन बाजूला ठेवला आणि कुकर लावला." तेव्हापासून मी फक्त सांधे बघते आहे आणि आता मला काहीच दिसेनासं झालंय. अख्खा लेख इथे टाकत नाही. प्रत्येक भागाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात तेवढी देते.

भाग १ संपतो: "कड्यावर उभं राहून खाली पाहिलं आणि शब्दच सुचेनात. असो."
भाग २ सुरू: "आता आपण हे विवर कसं तयार झालं ते पाहू."

भाग २ संपतो: "१९७३ साली इथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्काघाताचा सिद्धांत पक्का झाला."
भाग ३ सुरू: "याशिवाय लोणारमध्ये अनेक प्राचीन मंदिरेही आहेत."

भाग ३ संपतो: "दैत्यसूदन मंदिरातलं कोरीवकाम बघण्यात तास कसा गेला कळलंच नाही."
भाग ४ सुरू: "दरम्यान, सरोवराच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. हा खड्डा उल्केमुळे पडला, म्हणूनच पाणी खारट आहे."

भाग ४ संपतो: "पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, त्यामुळे त्यात मासे जगत नाहीत."
भाग ५ सुरू: "यामुळे २०२० साली एक आश्चर्य घडलं."

नेमकं कुठे बिघडलंय? आणि पुढच्या वेळी माझं मलाच कसं ओळखता येईल?

---

सुसाट_सुधीर

सोप्पं आहे ताई. प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न टाका. "पण हा एवढा मोठा खड्डा पडला तरी कसा?" आणि पुढचा भाग उत्तराने सुरू करा. वाचक सुटत नाही. शिवाय जोडशब्द कमी पडतायत. त्याचप्रमाणे, तथापि, किंबहुना असे शब्द पेरा, लेख आपोआप वाहायला लागेल. मी गेली तीन वर्षं असंच लिहितोय.

---

फिरता_कॅमेरा

क्रॉस डिझॉल्व्ह लावा. अर्ध्या सेकंदाच्या वर नको, नाहीतर लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं. लोणारचं ड्रोन फुटेज आहे का तुमच्याकडे?

---

पाणकावळी

@फिरता_कॅमेरा, अहो लेख आहे, व्हिडिओ नाही :)

@सुधीर, प्रश्नाची कल्पना बरी वाटतेय. करून बघते.

---

खिळेजुळारी

ताई, थांबा जरा. सुधीररावांचा प्रश्न एका ठिकाणी चालेल. चारही सांध्यांवर चार प्रश्न आले तर तिसऱ्यापर्यंत वाचकाला युक्ती कळते आणि तो कंटाळतो. आणि जोडशब्दांचं म्हणाल तर तुमच्याकडे ते कमी नाहीत. आता, याशिवाय, दरम्यान, म्हणूनच, यामुळे. पाच आहेत. रोग निराळाच आहे.

मी पंचवीसेक वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली. लांब लेख हातात आला की एक काम आधी करायचो. प्रत्येक भागाची शेवटची दोन आणि पुढच्याची पहिली दोन वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवायची, वर उपशीर्षक न लिहिता. तुम्ही इथे नकळत अर्धं काम केलेलंच आहे. उपशीर्षक काढणं महत्त्वाचं, कारण ते भेग झाकतं. ठळक अक्षरात 'मंदिरे' असं लिहिलेलं दिसलं की लेखकाला वाटतं वाचक पोचला. वाचक मागच्याच दगडापाशी उभा असतो.

मग त्या जोडीमध्ये लेखकाचा जोडशब्द खोडायचा आणि आपण स्वतः एक शब्द घालून बघायचा: म्हणून, पण, त्याआधी, म्हणजे, उलट. एखादा बसला तर नातं आहे, फक्त नीट सांगितलेलं नाही. नुसतं 'आणि' सोडून काहीच बसत नसेल, तर तिथे नातंच नाही. मग वाक्य घासून उपयोग नाही, भाग हलवावा लागतो.

तुमच्या जोड्या घ्या. काच सापडली, मंदिरेही आहेत. 'आणि' सोडून काही बसतं का? नाही. 'याशिवाय' हा शब्द तुम्ही हॉटेलं, रस्ते, पक्षी कशाच्याही आधी लावू शकला असतात. जे वाक्य कुठल्याही दोन भागांत खपतं ते कुठलेच दोन भाग जोडत नाही. "आता आपण पाहू" तसलंच. 'दरम्यान' तर बातमीदारांचा शब्द, एकाच वेळी दोन ठिकाणी काही चाललं असेल तेव्हाचा. इथे तुम्ही देवळात असताना पाण्याचं दरम्यान काय चाललं होतं?

आणि 'असो'. हा आपल्या भाषेचा फार जुना पडदा. लेखकाला पुढे कसं जायचं ते सुचलं नाही की 'असो' येतं. गप्पांत गोड वाटतं, लेखात दार आपटल्यासारखं. पहिलं 'असो' खोडा आणि तिथे खरंच काय दिसलं ते लिहा.

---

बेसाल्ट

खिळेजुळारी काकांनी सांध्यांचं सांगितलं, मी दगडाचं सांगतो. तिसऱ्या सांध्यातलं 'म्हणूनच' चुकीचं आहे. उल्केमुळे खड्डा पडला हे खरं, पण उल्केने पाणी खारट केलं नाही. आघाताने बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची वाटी झाली. वाटीत पाऊस, ओढे आणि कड्यावरचे झरे यांचं पाणी येतं. बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडतं, त्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चाललंय. खारेपणाचं कारण म्हणजे वाटीला तोंड नसणं.

जाता जाता, वय काय लिहिलंय? बरीच वर्षं ५२ हजारच्या आसपासचा आकडा चालायचा. नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दोन्ही छापलेले सापडतील, एकच घाईने टाकू नका.

---

पाणकावळी

अरे देवा. मी ५२ हजार लिहिलंय. दोन्ही देते.

आणि 'म्हणूनच'चं खरं सांगू? तिथे काहीतरी जोडणारं हवं होतं म्हणून घातलं. खरं आहे का याचा विचारच केला नाही.

---

खिळेजुळारी

हे फार होतं. व्याकरणात शब्द चपखल बसतो म्हणून लेखकालाही पटतं. म्हणून मी 'म्हणून' आणि 'यामुळे' हे दोन शब्द दिसले की समासात टिंब द्यायचो आणि लेखकाला विचारायचो: कशामुळे? बोट दाखवा.

तुमच्या शेवटच्या सांध्यावर तेच विचारतो. "यामुळे २०२० साली आश्चर्य घडलं." कशामुळे? लगेच मागचं वाक्य माशांचं आहे. म्हणजे मासे नाहीत म्हणून पाणी गुलाबी झालं? 'यामुळे'च्या पोटात नाम घाला. "या खारेपणामुळे" लिहून बघा. मग लक्षात येईल की मागच्या भागाचा शेवट माशांवर नको, खारेपणावर हवा.

बेसाल्टरावांनी मात्र न मागता तुमचा दुसरा सांधा जोडून दिला. विवराचा भाग काचेवर का संपवता? काच हा पुरावा, तो मधे येऊ दे. शेवट वाटीवर करा. चौथा भाग त्याच वाटीपासून सुरू होतो.

---

निवांत_आत्या

मला पण हाच त्रास. मी माझ्या सासूबाईंच्या आठवणी लिहितेय, १९४० पासून. मध्ये दहा दहा वर्षं काहीच माहिती नाही. प्रत्येक भाग 'त्यानंतर'ने सुरू होतो. मोजले तर एकतीस निघाले! पण मला काही नातं जोडता येत नाही, कारण मधलं मला ठाऊकच नाही. मग काय करायचं? उगाच काहीतरी रचायचं का?

---

खिळेजुळारी

मुळीच नाही आत्या. तुमच्याकडे पूल नाही, नदीच आहे. ती तशीच दिसू द्या. मध्ये तीन फुल्या टाका आणि पुढचा भाग साल आणि जागेने उघडा: "१९५२. बिऱ्हाड आता दादरला." वाचक दहा वर्षं उडी मारतो आणि कुरकुर करत नाही, कारण तुम्ही त्याला जमीन दाखवलीत. 'त्यानंतर' त्याला काहीच दाखवत नाही, नंतरचं नंतरच येणार हे त्याला माहीत असतं.

---

फिरता_कॅमेरा

लेख आहे हे आता कळलं, माफी. पण एक सांगतो. एडिटिंगमध्ये आम्ही पुढच्या दृश्याचा आवाज आधीच्या दृश्याच्या शेवटी सुरू करतो. माणूस अजून घरात दिसतोय आणि रेल्वेची शिट्टी ऐकू येते. मग चित्र बदललं तरी धक्का बसत नाही, कान आधीच तिकडे गेलेला असतो. लेखात असं काही करता येत नाही का? कड्यावर पहिल्यांदा उभ्या होतात तेव्हा पाण्याचा वास वगैरे आला होता का?

---

पाणकावळी

आला होता! खाली उतरताना एक उग्र वास येत होता, आणि त्याच्या जरासं आधी कड्यावर गोमुखाच्या धारेचं गोड पाणी हातात घेतलं होतं. नवरा म्हणाला, "वर गोड आणि खाली खारट, एकाच खड्ड्यात?" हे मी लेखात घेतलंच नव्हतं. भाग १ मध्ये "शब्दच सुचेनात"च्या जागी ते घालते.

थोडं जुळवून बघितलं. कसं वाटतं सांगा:

भाग १ चा शेवट: "धारेचं पाणी गोड होतं. खाली जे चमकत होतं ते खारट आहे असं गाईड म्हणाला. 'एकाच खड्ड्यात दोन चवी?' नवऱ्याने विचारलं."
भाग २: "खड्डा म्हणायचं तर तो साधा खड्डा नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली…"
भाग २ चा शेवट: "आघाताने अशी वाटी कोरली की जिच्यातून पाणी बाहेर जायला वाटच उरली नाही."
मग थेट पाणी: "बाहेर वाट नसलेल्या या वाटीत पाणी मात्र येतच राहतं."

देवळांचं काय करू तेच कळत नाही.

---

सुसाट_सुधीर

अहो, नवऱ्याने प्रश्न विचारला म्हणजे माझीच पद्धत झाली की!

---

खिळेजुळारी

झाली, आणि इथे चालली, कारण तो प्रश्न खरोखर कोणीतरी तिथे उभं राहून विचारला. शिवाय त्याचं उत्तर लगेच येत नाही, दोन भाग लांब आहे. वाचक ते मनात घेऊन चालतो.

शेवटची जोडी चांगली झाली. का ते सांगतो, म्हणजे पुन्हा करता येईल. मराठीत क्रियापद शेवटी राहतं, बाकीचे शब्द पुढेमागे सरकवता येतात. त्याचा फायदा घ्यायचा. मागच्या वाक्यातली ओळखीची वस्तू नव्या वाक्याच्या तोंडाशी आणायची आणि नवी गोष्ट क्रियापदाजवळ सोडायची. तुमचं आधीचं वाक्य "सरोवराच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं" असं होतं. त्यात तोंडाशीच नवा विषय आणि शेवटी नुसतं 'सांगायला हवं'. आता तोंडाशी वाटी आहे आणि पाणी क्रियापदाच्या जवळ. ओळीमागे ओळ वाचणाऱ्याच्या पायाखाली जमीन राहते.

एक धोका. हे प्रत्येक वाक्याला केलंत तर साखळी खुळखुळायला लागते. वाटी, वाटीत पाणी, पाण्यात क्षार, क्षारांमुळे… शाळेतल्या निबंधासारखं. भागांच्या सांध्यावर पुरे.

देवळांसाठी बघा, नाव तुमच्या मदतीला आहे. दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा, आणि दैत्य कोण तर लवणासुर. मिठाचंच नाव! पाण्याचा भाग संपवा "पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात" इथे, आणि पुढे लिहा: "या क्षारांची गोष्ट गावाने आपल्या पद्धतीने सांगून ठेवली आहे. तिच्यातल्या राक्षसाचं नावच लवणासुर." तिथून विष्णू, तिथून देऊळ. मग "याशिवाय"ची गरजच नाही, कारण देऊळ आता पाण्याबद्दल बोलतंय.

---

बेसाल्ट

इथे माझं जमत नाही काका. खारेपणा झाला की लगेच गुलाबी रंग यायला हवा. जून २०२० मध्ये उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, खारेपणा वाढला, आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, वाढले. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत आलं. कारण आणि परिणाम यांच्या मध्ये बाराव्या शतकाच्या आसपासचं देऊळ कशाला? तोपर्यंत वाचक खारेपणा विसरेल.

---

खिळेजुळारी

विसरेल, तर एका वाक्याने आठवण द्यावी. देवळांचा भाग गावातून खाली नेऊन कमळजा देवीपाशी संपवता येईल. ते देऊळ पाण्याच्या काठालाच आहे. तिथे पोचलं की पाणी पुन्हा समोर येतं आणि मग "हेच खारं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं." 'खारं' हा एक शब्द पुरतो. लवणासुराच्या कथेनंतर गुलाबी पाणी आलं तर वाचकाच्या अंगावर काटा येईल, ते तुमच्या क्रमात होणार नाही.

---

बेसाल्ट

काटा येईल, पण चुकीचा. वाचणाऱ्यांपैकी निम्मे राक्षसाच्या रक्ताचं काहीतरी समजून बसतील. त्या वर्षी अफवा काय कमी होत्या? जोड मोहक आहे म्हणूनच मला नको. 'म्हणूनच पाणी खारट'सारखाच प्रकार, फक्त शब्दाऐवजी क्रमाने केलेला.

---

खिळेजुळारी

हं. हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचक मध्ये 'म्हणून' स्वतःच घालतो, हे खरंच आहे. तरी मला वाटतं, रंगाचं कारण सांगणारं वाक्य त्या भागाच्या अगदी सुरुवातीला आलं तर गैरसमज टिकणार नाही. ताईंनी ठरवावं.

---

पाणकावळी

दोन्ही क्रम छापून काढले आणि कात्रीने भाग कापून ओट्यावर मांडले. बहिणीला दोन्ही वाचायला लावले, न सांगता कुठला कोणाचा.

बेसाल्ट यांच्या क्रमात ती न थांबता गुलाबी पाण्यापर्यंत गेली, पण नंतर आलेली देवळं तिला "राहिलं होतं म्हणून टाकलेलं" वाटलं. काकांच्या क्रमात ती देवळांतही टिकली. पुढे मात्र तिने विचारलं, "म्हणजे लोकांना वाटतं का की ते राक्षसाचं रक्त आहे?" बेसाल्ट जिंकले की हरले मला कळेना.

आणखी एक गंमत. मोठ्याने वाचताना तिचा आवाज एका ठिकाणी आपोआप खाली गेला आणि ती थांबली, तेही सांध्यावर नाही. भाग २ च्या मध्यावर, वयाचे दोन आकडे येतात तिथे. मी सांध्यांकडेच बघत बसले होते, भेग आतही होती.

---

खिळेजुळारी

आवाज पडतो ते ठिकाण लिहून ठेवा. तिथे दोन परिच्छेदांचाच सांधा असणार. ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार या दोन आकड्यांच्या मध्ये तुम्ही काय लिहिलंय?

---

पाणकावळी

"तसेच".

---

बेसाल्ट

'पण' लिहा ताई. दुसरा आकडा पहिल्याशी भांडतोय.